घरमालकांचंच गॅरेज भाड्याने घेताना

आईला कायमचं माझ्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न सामानाचा होता. तिचं घर रिकामं करून द्यायचं होतं आणि माझं भाड्याचं घर साडेपाचशे चौरस फुटांचं. ज्या छोट्या खोलीत ती राहणार होती, तिथे माझ्या दोन सायकली, शिवणाचं टेबल आणि पुस्तकांचे खोके होते. त्यात तिच्या घरातलं कपाट आणि आणखी खोके येणार होते. तळमजल्यावर घरमालकांचं गॅरेज होतं. तीन वर्षांत त्याचं शटर उघडलेलं मी चार-पाच वेळाच पाहिलं होतं, कारण घरमालक काकांनी गाडी केव्हाच विकून टाकली होती. मालक ओळखीचे, भाडं वेळेवर जाणारं, गॅरेज पडून असलेलं. विचारलं की झालं, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात विचारण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत सात आठवडे गेले.

पहिल्यांदा मी जिन्यात भेटले असताना सहज विचारलं. "काका, खालचं गॅरेज रिकामंच असतं ना? मला भाड्याने द्याल का?" ते लगेच म्हणाले, "नको ताई, माझंच सामान आहे तिथे." विषय तिथेच संपला. मला थोडं वाईट वाटलं, पण नंतर त्यांच्या जागी उभं राहून विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. किती सामान, कसलं सामान, किती महिने, तिथे कोणी काम करणार का, कोणी झोपणार का. ज्याने कधी गॅरेज भाड्याने दिलेलं नाही, त्याच्या मनात पहिली भीती हीच असते की एकदा आत गेलेला माणूस बाहेर निघणार नाही, किंवा सामान ठेवतो म्हणून सांगेल आणि आत दुकान थाटेल.

म्हणून मी आधी सामान मोजलं. खोके अडतीस होते, प्रत्येक साधारण अठरा इंच लांब आणि चौदा इंच रुंद. पुस्तकांचे खोके चारपेक्षा जास्त एकावर एक रचले की खालचे दबतात, म्हणजे दहा थप्प्या झाल्या. त्यांना जमिनीवर साडेसतरा चौरस फूट लागतात. कपाटाला सहा, टेबलाला आठ आणि एकमेकींना उलट तोंड करून उभ्या केलेल्या दोन सायकलींना अठरा. असे जेमतेम पन्नास चौरस फूट. पण गणित इथे संपत नाही. मागचा खोका काढायला पुढचं सगळं हलवावं लागू नये म्हणून मधून दोन फुटांची वाट सोडावी लागते. गॅरेज अकरा फूट लांब आणि आठ फूट रुंद होतं, म्हणजे वाटेला बावीस फूट. एकूण बहात्तर, आणि जागा अठ्ठ्याऐंशी. भिंतीपासून थोडं अंतर सोडूनही सामान बसत होतं. वाटेचा हिशोब न करता जागा घेतली की सामान मावतं, पण वापरता येत नाही.

मग एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात सामानाची यादी दिली, मुदत अकरा महिन्यांची मागितली, आणि मी काय करणार नाही हे यादीपेक्षाही ठळक लिहिलं: तिथे कोणी राहणार नाही, कोणताही व्यवसाय होणार नाही, कुणाला पोटभाड्याने देणार नाही, पेट्रोल, थिनर, गॅसची टाकी किंवा जुनी बॅटरी ठेवणार नाही. त्यांचं जे सामान आत होतं त्यासाठी दोन पर्याय सुचवले. गॅरेजच्याच पोटमाळ्यावर ते ठेवू शकतील, नाहीतर हलवायला मी माणसं लावून देईन. पत्र घेऊन मी त्यांच्याकडे बसायला गेले. काकूंनी ते मोठ्याने वाचलं. काका शेवटी म्हणाले, "पोटमाळा माझ्याकडे राहील. मग बघू." ज्या माणसाने जिन्यात एका वाक्यात नाही म्हटलं होतं, तोच माणूस अर्धा तास गॅरेजबद्दल बोलत होता.

भाड्यावर थोडी ओढाताण झाली. काकांचा हिशोब क्षेत्रफळाचा होता. अठ्ठ्याऐंशी म्हणजे साडेपाचशेच्या सोळा टक्के, तेव्हा घरभाड्याचा साधारण सहावा हिस्सा द्या. मला हे पटलं नाही. घराच्या भाड्यात पाणी, संडास-बाथरूम, खिडक्या, स्वयंपाकघर या सगळ्याची किंमत असते. गॅरेजला चार भिंती आणि शटर आहे. शिवाय पोटमाळा मला मिळणार नव्हता. शेवटी घरभाड्याचा दहावा हिस्सा ठरला, आणि अनामत म्हणून गॅरेजचंच दोन महिन्यांचं भाडं. घराच्या अनामतीला हात लावायचा नाही, ती वेगळी आणि ही वेगळी, यावर मी अडून राहिले. पुढे त्याचा उपयोग झाला.

होकार देण्याआधी मी गॅरेज तीन दिवस मागून घेतलं. आत गेल्यावर दोन गोष्टी दिसल्या. मागच्या भिंतीला खालून फूटभर उंचीपर्यंत लोणा फुटला होता, पांढरी भुकटी बोटाला लागत होती. आणि शटरच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून दोन इंचांवर, गंजाची सरळ रेघ होती. अशी सरळ रेघ पाणी साचून राहिल्याशिवाय पडत नाही. पाऊस जोरात आला की शटरखालून पाणी आत येतं, हे काकांनी सांगितलं नसलं तरी शटरने सांगितलं.

लोणा जुना आहे की ओल अजून येते, हे कळायला मी प्लास्टिकचे दोन फूट चौरस तुकडे जमिनीवर तीन ठिकाणी चारही कडांनी घट्ट चिकटवले आणि तीन दिवस तसेच ठेवले. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब आले तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला आले तर ती हवेतली आहे, आणि हवा खेळती ठेवून ती कमी करता येते. दाराजवळचा आणि मधला तुकडा कोरडे निघाले. मागच्या भिंतीजवळच्या तुकड्याच्या पोटाला थेंब होते आणि खालची फरशी काळपट झाली होती. म्हणजे मागचे तीन फूट पुस्तकांसाठी बाद. तिथे सायकली ठेवता येतील. पुस्तकं पुढच्या भागात, पण शटरच्या पाण्यापासून उंच. मी चार-पाच इंच उंचीची लाकडी पॅलेट मिळवायचं ठरवलं आणि भिंतीपासून तीन इंच अंतर सोडून थप्प्या लावायच्या असं पक्कं केलं. भिंतीला टेकलेला खोका मागून कधी भिजला ते महिनाभर कळत नाही.

दिव्याची भानगड त्याच तीन दिवसांत कळली. माझ्या घराचा मेन स्विच बंद केला तरी गॅरेजमधला दिवा चालूच. काकांचा बंद करून पाहिला, तरी चालू. शेवटी तळमजल्यावरच्या दुसऱ्या भाडेकरूंना विचारून त्यांचा बंद केला, तेव्हा दिवा विझला. म्हणजे इतकी वर्षं गॅरेजच्या दिव्याचं बिल त्या भरत होत्या आणि कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी वायरमन बोलावून ती जोडणी तोडून घेतली. मी आत बॅटरीवर चालणारा दिवा टांगला. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला तेवढा पुरतो.

खरी गाठ पडली ती कागद करायला बसलो तेव्हा. माझी कल्पना सोपी होती: घराच्या करारालाच एक पुरवणी जोडायची, त्यात गॅरेजचा उल्लेख करायचा, दोघांनी सह्या करायच्या. पुरवणीत मालकाचं नाव आणि जागेचं वर्णन मालमत्तेच्या कागदांवरून उतरवून घ्यावं म्हणून मी काकांकडे ते कागद मागितले. त्यांनी आनंदाने दाखवले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. गॅरेज त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर होतं, वडिलांकडून आलेलं, वाटणी न झालेलं. काकांच्याही हे ध्यानात नव्हतं असं नाही. त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. "अहो, भाऊ काही म्हणणार नाही," असं ते म्हणाले.

भाऊ काही म्हणणार नाही हे खरंच असेल. पण उद्या दोघा भावांचं बिनसलं, किंवा भावाने आपला हिस्सा दुसऱ्याला दिला, तर तो नवा माणूस माझ्या आईचं कपाट बाहेर काढायला सांगू शकला असता, आणि माझ्या हातात ज्याच्यावर त्याची सही नाही असा कागद असता. म्हणून 'तोच मालक' हे गृहीत धरण्याआधी त्या विशिष्ट जागेचे कागद पाहावेत असं मला मनापासून वाटतं. एकाच आवारात असलेल्या दोन जागांचा मालक एकच असतो असं नाही. कधी गॅरेज सगळ्या इमारतीच्या सामायिक मालकीचं असतं आणि मालकाला त्याचा फक्त वापराचा हक्क असतो. कधी तिथे गाडीशिवाय दुसरं काही ठेवायला नियमाने मनाई असते. तीन वर्षं रोज त्या शटरसमोरून जाऊनही गॅरेजचे मालक दोघे आहेत हे मला माहीत नव्हतं.

याने पुरवणीचा प्रश्नही निकालात निघाला. घराच्या करारात एक मालक, गॅरेजच्या करारात दोन. मग करार वेगळाच हवा. पण वेगळ्या कराराने माझं काय जातं हेही समजून घेतलं. पुरवणी असती तर गॅरेज घराचाच भाग मानलं गेलं असतं, आणि मालकांना फक्त गॅरेज परत मागणं अवघड झालं असतं. राहत्या घराच्या भाडेकरूला कायद्याने जे संरक्षण असतं, ते नुसत्या सामान ठेवण्याच्या जागेला तसंच मिळेल असं नाही. वेगळ्या करारात गॅरेज त्या संरक्षणाबाहेर पडू शकतं. उलट पुरवणी असती तर मलाही फक्त गॅरेज सोडता आलं नसतं. सामान कमी झालं की गॅरेज सोडायचं हा माझा बेत होता, तेव्हा वेगळा करार मलाही सोयीचा होता. मला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची: गॅरेजवरून वाद झाला तर त्याची झळ घराला लागू नये. आई घरात येणार होती.

म्हणून दोन करारांमध्ये काय जोडायचं आणि काय तोडायचं हे स्पष्ट लिहून घेतलं. जोडलं एवढंच: मी घर सोडलं तर त्यानंतर तीस दिवसांत गॅरेजही रिकामं करून द्यायचं. मला पंधरा दिवस पुरले असते, पण घर बदलण्याच्या धावपळीत सामान हलवायला महिना हवा असं काकूच म्हणाल्या. तोडलं ते असं: गॅरेजचं भाडं थकलं किंवा काही मोडलं, तर वसुली फक्त गॅरेजच्या अनामतीतून होईल, आणि त्या कारणावरून घराचा करार संपवता येणार नाही. गॅरेज परत हवं असेल तर दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची लेखी सूचना. काकांना आधी एकच महिना हवा होता. मी त्यांना अडतीस खोक्यांची आठवण करून दिली.

धाकट्या भावाची सही यायला तीन आठवडे लागले, कारण ते दुसऱ्या गावी राहतात. त्यांनी आधी फोनवर "माझी हरकत नाही" म्हटलं. मी नम्रपणे सांगितलं की मला तेच कागदावर हवं आहे. त्यांनी करार वाचला आणि एक अट घातली: गॅरेजच्या भिंतीला काही ठोकायचं नाही. मला फळ्या लावायच्या होत्या, तो विचार सोडून उभ्या लोखंडी मांडण्या घेतल्या. ही अट आधी कळली हे बरंच झालं.

आत कोणी केव्हा यायचं यावर आम्ही जास्त वेळ घालवला, कारण पोटमाळ्यावर काकांचं सामान होतं. आतल्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. त्यांनी आदल्या दिवशी सांगायचं आणि माझ्या किंवा आईच्या समोर उघडायचं. पाणी आत शिरलं किंवा आग लागली, तर थांबायचं नाही, उघडून मग फोन करायचा. हे लिहिताना काकांना थोडं लागलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुमच्यावर आहे. पण उद्या एखादी वस्तू सापडली नाही, तर मला तुमच्याबद्दल मनात शंकासुद्धा यायला नकोय." हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं, आणि ते त्यांना पोचलं. पोटमाळ्यावरच्या थिनरच्या दोन जुन्या टाक्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून नेल्या.

विमा मी जवळजवळ विसरले होते. घरातल्या सामानाचा विमा होता, पण पॉलिसी वाचली तर त्यात 'राहत्या पत्त्यावरील सामान' असे शब्द होते. गॅरेज त्याच आवारात असलं तरी कुलूपबंद वेगळी जागा आहे. विमा कंपनीला पत्र लिहून विचारलं. त्यांनी पॉलिसीला जोडपत्र देऊन गॅरेजचा पत्ता घातला. त्यात पूर आणि चोरी दोन्ही धरलं आहे की नाही हे मी नीट पाहून घेतलं. कुलूप तोडल्याची खूण असेल तरच चोरीचा दावा मान्य होईल अशी अट होती, म्हणून शटरला आतून-बाहेरून बसणारं मजबूत कुलूप लावलं.

ताबा घेतला त्या दिवशी काका आणि मी मिळून फोटो काढले. दारातून सुरू करून उजव्या हाताने भिंत धरून फिरत गेलो, म्हणजे पुढे तुलना करताना तोच क्रम ठेवता येईल. लोण्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि जमिनीपासून बारा इंच असं कागदावर लिहिलं. शटरवरची गंजाची रेघही लिहिली. सामान लावून झाल्यावर बारा वर्षांत पहिल्यांदाच आईला तिची सगळी पुस्तकं कोणत्या खोक्यात आहेत ते माहीत होतं. तिने प्रत्येक खोक्याला आकडा घालून वहीत यादी केली.

चौथ्या महिन्यात रात्रभर पाऊस झाला. सकाळी शटर उघडलं तर दीड-दोन इंच पाणी होतं. पॅलेटमुळे एकही खोका भिजला नाही. आम्ही पाणी झाडून काढलं, दोन दिवस शटर उघडं ठेवलं, आणि मी काकांना फोटोसह निरोप पाठवला. त्यांनी उंबरठ्याला तीन इंचाचा सिमेंटचा उंचवटा करून घेतला. पाणी रोखणं मालकांचं काम आणि सामान उंच ठेवणं माझं काम, हे करारात लिहिलेलं असल्यामुळे कुणी कुणाला दोष दिला नाही.

नवव्या महिन्यात काका वर आले. धाकट्या भावाचा मुलगा इकडे शिकायला येणार होता, त्याला गाडी ठेवायला गॅरेज हवं होतं. ते अवघडून बोलत होते. मी विचारलं, "लेखी द्याल ना?" दुसऱ्या दिवशी दोघा भावांच्या सह्यांची सूचना आली, तारखेसह, बरोबर दोन महिन्यांची. तोवर आईने खोके अडतीसवरून एकवीसवर आणले होते. बाकीची पुस्तकं तिने एका वाचनालयाला दिली. टेबल विकलं, आणि एकवीस खोके व कपाट आम्ही घरात बसवलं. घराच्या कराराला कुणी हात लावला नाही. पुढच्याच महिन्यात तो नेहमीसारखा वाढवला गेला.

किल्ली परत देण्याच्या दिवशी काका आणि मी पुन्हा दारातून, उजव्या भिंतीने, त्याच क्रमाने फोटो काढत गेलो. मागच्या भिंतीवर लोणा पेन्सिलच्या रेघेच्या वर बोटभर चढला होता. काकांनी स्वतः टेप लावून मोजलं, तेरा इंच भरले. तो भिंतीचा दोष आहे, भाडेकरूचा नाही, असं त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. अनामत आठवड्यात परत आली.